ट्रायलचा दर

सुबोध बिराजदाराचा मेसेज आला तेव्हा इंद्रायणी कुकरच्या शिट्या मोजत उभी होती. मेसेज वाचला आणि शिट्या किती झाल्या ते विसरली. त्या दिवशी वरणाचा पार गिचका झाला, आणि सासऱ्यांनी तो मुकाट्याने खाल्ला. कारण मेसेज काय आहे ते तोवर त्यांनाही कळलं होतं.

मेसेज असा मोठा गोड होता. "नमस्कार मॅडम. तुमचं नाव खूप ऐकलंय. गोव्याच्या एका मोठ्या हॉटेलची चौकशी आहे. वर्षभर टॉवेलची डिझाइन्स लागतील. तुम्हालाच द्यायचा विचार आहे. फक्त आधी एक ट्रायल करून द्या. ट्रायलचं पेमेंट नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच. आवडलं तर वर्ष तुमचं."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बिराजदारांचा टॉवेलचा कारखाना. बापाने साध्या मागांवर सुरू केलेला, आणि मुलाने मोठी कर्जं काढून नवी कॉम्प्युटरवरची जकार्ड मशीनं आणलेली. जकार्ड म्हणजे ज्यावर टॉवेलच्या अंगातच फुलं, वेली, नाव, काय म्हणाल ते विणून निघतं. पण मशीन कितीही महागाचं असलं, तरी त्याला काय विणायचं ते कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारी माणसं म्हणजे इंद्रायणीसारखी. घरात बसून कॉम्प्युटरवर एकेक ठिपका भरत डिझाइन काढायचं, त्याची मशीनला समजेल अशी फाइल करायची आणि कारखान्याला द्यायची.

हे काम ती आधी एका मोठ्या कारखान्यात नोकरीवर करायची. मग एक दिवस उठली आणि म्हणाली, आता मी माझं माझं काम करणार. घरात कुणी नाही म्हणालं नाही, पण हो तरी कोण म्हणालं? नवरा अद्वैत बँकेत, बदली करमाळ्याला, शनिवारी रात्री घरी यायचा. तो म्हणाला, "बघ बुवा, तुझं तू." सासरे मुकुंदराव काही म्हणाले नाहीत, नुसतं पेपरात डोकं घातलं. उभा जन्म जिल्हा परिषदेत कारकुनी केलेला माणूस. पहिल्या तारखेला पगार होत नाही असलं काम हे काम असतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

आणि खरं सांगायचं तर स्वतःचं काम काही धो धो येत नव्हतं. येई, जाई. मधले काही आठवडे नुसते बसून जात. जुन्या कारखान्याच्या मॅनेजरचा फोन येऊन गेला होता. "जागा अजून रिकामी आहे. येत्या सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं कुणी घेतो." मुकुंदरावांनी तो फोन ऐकला होता. तेव्हापासून घरात 'सोमवार' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण तो जेवणाच्या ताटावर येऊन बसत होता.

त्यात हा मेसेज. वर्षाचं काम! वर्षाचं काम हातात असलं की सोमवारी मॅनेजरला नाही म्हणताना जीभ अडखळणार नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं.

"मग?" मुकुंदरावांनी गिचका झालेल्या वरणाचा शेवटचा घास गिळून विचारलं. "करून देणार ना?"

"फुकट मागतायत अप्पा."

"अगं, एकच तर मागतोय. तुझं काय झिजतं? बसल्या बसल्या कॉम्प्युटरवर काढायचं. कागद नाही, रंग नाही. देऊन टाक की."

"बसल्या बसल्या!" इंद्रायणीच्या नाकपुड्या फुलल्या. "अप्पा, तुमचं जिल्हा परिषदेतलं काम तुम्ही उभ्याने करत होतात का?"

मुकुंदराव हसले नाहीत. "तुला हौस आहे भांडायची. पण सोमवार काही थांबत नाही," असं म्हणाले, आणि ताट घेऊन मोरीकडे गेले. तर असा तो सोमवार अखेर उच्चारला गेला.

आता, इंद्रायणी काही लगेच तलवार उपसून उभी राहिली असं नाही. तशी कुणाची टाप असते? दुपारी तिने कॉम्प्युटर लावला, कोरं पान उघडलं, आणि मनाशी म्हणाली, एकच की. करून टाकू. घरातली कटकट जाईल. बिराजदारने मेसेजसोबत पाठवलेलं एकेक उघडून ती वाचायला लागली.

आणि वाचता वाचता तिचा हात माउसवरून उठला.

मशीनला उभे धागे उचलणारे हुक किती आहेत, ते लिहिलेलं. इंचात किती पिका, म्हणजे आडवे धागे, बसतात, ते लिहिलेलं. टॉवेलची लांबी, रुंदी, किनारीला सोडायची जागा, दोन्ही रंगांचे नंबर, सगळं. हॉटेलचं नाव कोणत्या अक्षरात आणि कुठल्या टोकाला हवं, तेसुद्धा. आणि खाली ठसठशीत: "फाइल डायरेक्ट मशीनवर चढेल अशी पाठवणे."

आता तुम्हीच सांगा. एखाद्या बाईला स्वयंपाक येतो का बघायचं, तर एक पोळी लाटायला सांगतात का लग्नाच्या पंगतीचा शिधा आणून ओततात? डिझायनरचा हात बघायला कागदावर काढलेलं एक फूल पुरतं. हुक आणि पिका ट्रायलला लागत नाहीत. त्या लागतात माल काढायला.

"मेल्या, तू माझी परीक्षा नाही घेत. तू टॉवेल विणायला बसलायस," इंद्रायणी स्क्रीनकडे बघून मोठ्याने म्हणाली. बाहेरच्या खोलीतून मुकुंदराव खाकरले.

शेवटी एक फोटो होता. त्याच्याखाली, "हा आमचा नॅपकिन. याला जुळेल असा मोठा टॉवेल करा." फोटोत निळ्या जमिनीवर पांढरी वेल. अंगावरचे धाग्यांचे फासेसुद्धा दिसत होते, म्हणजे हे नुसतं चित्र नव्हतं, विणून निघालेला नॅपकिन होता. वेल किनारीने चालत येऊन कोपऱ्यावर पोचली होती, आणि तिथे...

तिथे ती वळली होती. कापलेली नव्हती.

सोलापुरात कोपऱ्यावर वेल सगळे कापतात. मशीनला सोपं जातं, वेळ वाचतो, आणि गिऱ्हाईक कोपरा बघत नाही. कोपऱ्यावर वेल वळवायची, तिला एक पान जास्तीचं द्यायचं आणि मग पुढे न्यायची, हा सोस एकाच बाईला. सनाला. दोघी एकाच वर्गात टेक्स्टाइल शिकल्या, आणि सना त्या एका पानापायी तेव्हासुद्धा सरांच्या शिव्या खायची.

इंद्रायणीने फोटो सनाला पाठवला आणि लगोलग फोनच लावला.

"ए, हे तुझं ना?"

पलीकडून सनाचा आवाज आला, पार बदललेला. "हे... हे विणलं त्यानं?"

"विणलेलं दिसतंय की. तुला कधी सांगितलं?"

"मला?" सना म्हणाली. "मला तर म्हणाला, ताई, डिझाइन काय जमलं नाही, पुढच्या वेळेला बघू. ट्रायल म्हणून मागितला होता ग. फुकट दिला मी. अम्मी बोलत होती नक्को देऊ म्हणून. मी म्हटलं, मोठा कारखाना आहे, एक दिला तर काय झालं." आणि मग एकदम तिच्या तोंडून ज्या दोन दखनी शिव्या निघाल्या, त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत, पण ऐकणाऱ्याचं पोट गार व्हावं अशा होत्या.

म्हणजे आता सगळं उघडं पडलं. नॅपकिन सनाकडून फुकट, मोठा टॉवेल इंद्रायणीकडून फुकट, पायपुसणं उद्या आणखी कुणाकडून फुकट. सगळ्यांना सांगायचं, जमलं नाही. आणि हॉटेलला पूर्ण संच रुबाबात द्यायचा. सुबोध बिराजदाराची एकच गफलत झाली. सोलापूर केवढं, आणि त्यात हे काम करणारी माणसं किती, हा हिशेब त्याने केला नाही. बायका एकमेकींना फोन करतात, हेही बहुतेक त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"मी त्याला लिहिणार आहे," इंद्रायणी म्हणाली. "तुझं नाव घालू का?"

"नक्को नक्को. उगा बदनामी. मग कुणीच काम देणार नाही."

"बदनामी कुणाची? चोरी त्याने केली, आणि तोंड तू लपवणार?"

सना उसळली. मग म्हणाली, "घाल. जा. घाल माझं नाव. पूर्ण घाल, सना शेख म्हणून."

इंद्रायणीने लिहायला घेतलं. पहिल्यांदा लिहिलं त्यात शिव्या फार झाल्या, पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं त्यात विनंत्या फार झाल्या, तेही पुसलं. तिसऱ्यांदा जे उतरलं ते हे:

"सुबोधजी, नमस्कार.

ट्रायलसाठी माझी आठवण केलीत, आभार. पण मी फुकट ट्रायल करत नाही.

माझा हात कसा आहे ते बघायचं असेल, तर केलेल्या कामांचे फोटो सोबत पाठवते आहे. त्यातले टॉवेल बाजारात मिळतात. विकत घ्या, धुवा, उन्हात टाका, मग बोला. तेवढ्याने समाधान झालं नाही, तर घरी या. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि एक फूल सांगा. तुमच्यासमोर काढून दाखवते. त्याचे पैसे घेणार नाही, वर चहा देईन.

पण तुम्ही मागितलंत ते ट्रायल नाही. हुक, पिका, किनार, हॉटेलचं नाव, सगळं घालून मशीनवर चढेल अशी फाइल तुम्ही मागितलीत. त्याला काम म्हणतात, आणि कामाचा दर असतो. माझा दर सोबत लिहिला आहे. निम्मे आगाऊ, निम्मे फाइल देताना. दोन दुरुस्त्या त्यातच करून देईन. पुढे वर्षाचं काम दिलंत, तर ही रक्कम पहिल्या बिलातून वजा करीन. डिझाइन नाही आवडलं तर वापरू नका, पण माझे दिवस तुम्ही वापरले, त्याचे पैसे द्यावे लागतील.

आणि एक. तुम्ही पाठवलेला नॅपकिन माझी मैत्रीण सना शेख हिने काढलेला आहे. तिला तुम्ही जमलं नाही म्हणून कळवलंत. न जमलेलं डिझाइन मशीनवर कसं चढलं? आधी तिचे पैसे द्या. तोपर्यंत त्याला जुळणारं एक पानसुद्धा मी काढणार नाही.

इंद्रायणी मंगळवेढेकर"

मुकुंदरावांनी तो मजकूर चष्मा लावून वाचला. कारकून माणूस, मजकूर म्हटला की वाचल्याशिवाय राहवत नाही.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "शुद्धलेखनही बरं आहे. पण हे पाठवलंस तर काम गेलं म्हणून समज."

"गेलं तर गेलं."

"आणि सोमवारी?"

इंद्रायणीने मजकूर पुन्हा वरपासून वाचला. भीती वाटली, हे कबूल करायला हवं. तिला त्या जुन्या कारखान्यातली आपली खुर्ची दिसली, घड्याळाकडे बघत संपवलेले दिवस दिसले, नुसत्या 'डिझाइन सेक्शन'च्या नावाने गेलेली, आपली सही नसलेली सगळी फुलं दिसली. तिने डोळे मिटले आणि पाठवण्याचं बटण दाबलं. बस्स. आता वाचून होणार, आणि व्हायचं ते होणार.

सुबोधचा फोन लगेच आला. आधी हसत होता. "अहो मॅडम, किती मनाला लावून घेता! सगळेच देतात ट्रायल. पद्धतच आहे ती."

"पद्धत तुमची असेल. आमची नाही."

"आता तर एआयवर मिनिटात डिझाइन निघतं, माहितीये ना? मी आपलं तुम्हाला संधी म्हणून..."

"मग काढा की त्याच्यावर," इंद्रायणी म्हणाली. "तेही फुकट मिळत असेल तर लई बरं. मला कशाला विचारता?"

हसू थांबलं. "बघून घेतो. सोलापुरात डिझायनर काय कमी आहेत?" आणि फोन बंद.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण सना ही सना. तिने इंद्रायणीला न विचारता तो मजकूर तिच्या ओळखीच्या सगळ्या डिझायनरांना पाठवून दिला. वर लिहिलं, "बिराजदारचा मेसेज आला तर हे वाचा."

इंद्रायणीला कळलं तेव्हा ती सनावर भडकली. "अगं, माझ्या दरासकट पाठवलंस! माझं भांडण गावभर करायची काय गरज होती?"

"तुझं भांडण?" सना म्हणाली. "नॅपकिन माझा, आणि भांडण तुझं होय? वा ग वा!"



आणि सुबोध बिराजदाराने खरोखरच दुसरीकडे चौकशी केली. साखर पेठेतल्या एका मुलीला विचारलं. तिने इंद्रायणीचा मजकूर उचलला, खालचं नाव बदललं आणि पाठवून दिला. जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांना विचारलं. त्यांनीही तसंच केलं, फक्त चहाच्या जागी कॉफी घातली. अक्कलकोटहून काम करणाऱ्या बिरुदेवला विचारलं. बिरुदेव डिझाइनला वाघ, पण मराठी लिहायचं म्हणजे त्याला घाम फुटतो. घरी कानडी, धंद्यात हिंदी. त्याने मजकुराला हातच लावला नाही, जसाच्या तसा पाठवला. म्हणजे खाली "इंद्रायणी मंगळवेढेकर" हे नावसुद्धा तसंच.

सुबोधने बिरुदेवला विचारलं म्हणे, "तू इंद्रायणी कधीपासून झालास?" तर बिरुदेव म्हणाला, "आमी सगळे तेच हाय की आता, शेठ. पैसे देणार का न्हाय ते बोला."

हे ऐकून इंद्रायणी हसता हसता खुर्चीवरून घसरायची राहिली. मुकुंदरावही हसले. बऱ्याच दिवसांनी त्या घरात दोघं एकाच गोष्टीला हसली होती. पण हसू ओसरल्यावर काम काही नव्हतंच, आणि सोमवार दोन दिवसांवर होता.

शनिवारी सकाळी सुबोध बिराजदार दारात उभा राहिला. आगाऊ फोन नाही, काही नाही. पांढरी गाडी गल्लीत आडवी लावलेली, हातात पेढ्यांचा बॉक्स. माणूस तसा दिसायला रुबाबदार, पण आज चेहरा उतरलेला. मुकुंदराव लगबगीने उठले. "या या, बसा." मोठ्या माणसाचा मुलगा घरी आला की त्यांची मान आपोआप लवायची, जन्माची सवय. त्यांनी स्वतः आत जाऊन चहा टाकला.

सुबोध बसला आणि सरळ बोलायला लागला. हॉटेलवाल्यांना पूर्ण संच हवा होता, नॅपकिन पसंत पडला होता, टॉवेलचं अडलं होतं. जिथे विचारावं तिथे एकच उत्तर. "मॅडम, एकाच मजकुराने मला चारदा झोडपलं. झालं ना समाधान? आता मिटवून टाकू."

"मिटवू की," इंद्रायणी म्हणाली. "सनाचे पैसे?"

"आजच देतो. आणि वर्षाचं काम तुम्हाला. तुमच्या दराने. लिहून देतो, आगाऊ पण देतो. बोला."

आतून येणारा कपबशीचा आवाज थांबला. मुकुंदराव कान देऊन उभे होते, हे इंद्रायणीला न बघता कळलं. वर्षाचं काम. तिच्या दराने.

"फक्त एक करा," सुबोध पुढे झुकून म्हणाला. "त्या सगळ्यांना एक मेसेज टाका. की गैरसमज झाला होता, बिराजदारांना मी स्वतः ट्रायल करून दिलं, त्यांना पसंत पडलं, आणि काम मिळालं. बस्स. म्हणजे बाकीचे नीट वागतील. पायपुसणी आहेत, बाथरोब आहेत, सगळ्याला आगाऊ देत बसलो तर मी धंदा कसा करायचा? तुमचं सोडा, तुम्ही वेगळ्या. बाकीच्यांचं तुम्हाला काय?"



विचार आला नाही असं म्हणायला इंद्रायणी काही संत नव्हती. आला. एक मेसेज. दोन ओळी. कुणाला कळणार? सनाचे पैसे मिळणार, आपलं वर्ष निघणार, सासरे पेपरातून डोकं वर काढणार. बिरुदेवला ती एकदाही भेटलेली नव्हती. साखर पेठेतल्या मुलीचं तर नावही तिला ठाऊक नव्हतं. आणि तरी त्या मुलीने तिचा मजकूर आपलं नाव घालून पाठवला होता. तेव्हा तिनेही डोळे मिटूनच बटण दाबलं असेल.

"सुबोधजी," ती म्हणाली. "तुम्हाला वर्षभर डिझाइन नकोयत. तुम्हाला एक खोटं हवंय, आणि त्याची तुम्ही वर्षभराची किंमत देताय. डिझाइनचे पैसे द्यायला जिवावर येतं, आणि खोट्याचे आगाऊ द्यायला तयार! कमाल आहे तुमची."

सुबोधचा चेहरा लाल झाला. "नाही म्हणताय?"

"ट्रायल मी दिलंच नाही, तर दिलं म्हणून सांगणार नाही. टॉवेल काढून हवा असेल तर आत्ता आगाऊ द्या, आत्ता बसते. नको असेल तर ते पेढे घेऊन जा. अप्पांना साखर आहे."

तो ताडकन उठला. "बसा मग घरी!"

"घरीच बसते की," इंद्रायणी म्हणाली. "घरूनच करते मी काम."

दार आपटलं. गल्लीत गाडीचा हॉर्न उगाचच दोनदा वाजला. मुकुंदराव चहाचे कप घेऊन बाहेर आले, तर पाहुणा गेलेला. ते कप हातात धरून तसेच उभे राहिले. इंद्रायणी त्यांच्याकडे बघेना. आता बोलणार, तिला वाटलं. बोलू देत. मी चुकले नाही, पण बोलू देत.

मुकुंदरावांनी एक कप तिच्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन स्वतः बसले.

दुपारी सनाचा फोन आला. ती रडत होती का हसत होती, ते आधी कळेचना. बिराजदाराने नॅपकिनचे पैसे पाठवले होते. आणि पाठोपाठ मोठ्या टॉवेलचं काम, निम्मे आगाऊ. दर इंद्रायणीच्या मजकुरातलाच. "पण इंदू, हे तुझं काम होतं ग. तुला डिवचायला मला दिलंय त्यानं. मी नको म्हणू का? तू सांग. आत्ता परत पाठवते पैसे."

इंद्रायणीला लागलं. आत कुठेतरी चांगलंच लागलं. वर्ष डोळ्यासमोरून गेलं ते गेलंच, आणि टॉवेलचं काम गेलं तेही शेजारच्या ताटात. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "वेडी आहेस का? घे. आगाऊ दिलंय ना त्याने? मग झालं. डिवचायला का होईना, दिलं. आणि कोपऱ्यावर वेल वळव. कापलीस तर बघ."

सोमवारी मॅनेजरचा फोन आला. इंद्रायणीने तो बाहेरच्या खोलीतच घेतला. मुकुंदराव पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

"काय ठरलं मग?" मॅनेजरने विचारलं. "येताय ना? तुमची खुर्ची ठेवलीय."

"नाही सर. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या." ती लगेच पुढे म्हणाली, "डिझाइनं लागली तर मात्र सांगा. इथून करून देईन."

मॅनेजर म्हणाला, "हं. चादरीची एक नवी रेंज काढायचीय खरी. बघू. तुमचं काम आम्हाला माहितीच आहे, पण आता बाहेरून करणार म्हणजे... आधी एखादं ट्रायल करून पाठवा ना. आपलं असंच. मालकांना दाखवायला."

इंद्रायणीने फोन कानापासून जरा दूर धरला. हसावं का ओरडावं ते तिला कळेना. आठ वर्षं त्या कारखान्यात तिने फुलं भरली होती.

"पाठवते की सर," ती म्हणाली. "आधी ट्रायलचा दर पाठवते. तो बघा, पटला तर सांगा."

"ट्रायलचासुद्धा दर?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात पेपरामागून मुकुंदरावांचा खणखणीत आवाज आला. फोनवरच्या माणसालाही स्पष्ट ऐकू जाईल असा.

"आणि निम्मे आगाऊ, म्हणावं!"